गहू बंद करून चौदा महिने झाले तरी लेकीचा टीटीजी खाली येत नाहीये, घरात ग्लूटेन कुठून येतंय?

कृष्णाकाठची_आई
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. माझी लेक नऊ वर्षांची आहे, मागच्या वर्षी तिला सिलिअ‍ॅक, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार, असल्याचं कळलं. त्याआधी दोन वर्षं उंची वाढत नव्हती, पोट फुगायचं, हिमोग्लोबिन कायम आठ-नऊ, आणि सगळे म्हणायचे जंत असतील. शेवटी टीटीजी ही रक्ततपासणी केली तर २०० च्या वर आली (आमच्या लॅबला १० च्या आत नॉर्मल), मग दुर्बिणीतून तपासणी पण झाली.

त्या दिवसापासून घरात तिच्यासाठी पोळी, पाव, बिस्कीट, मॅगी, शिरा, सगळं बंद. सहा महिन्यांनी टीटीजी ७४ आली, आम्ही सगळे खूष. पण परवा चौदा महिन्यांनंतरची आली ती ६१. म्हणजे जवळजवळ तिथंच अडकलीये. डॉक्टर म्हणाले, कुठूनतरी गहू पोटात जातोय, शोधा. मी शोधून शोधून थकले हो. पोरगी इतकी शहाणी आहे की वर्गात वाढदिवसाचा केक आला तरी घरी आणून आम्हाला देते, स्वतः बोट लावत नाही.

तिचा दिवस असा असतो: सकाळी नाचणी सत्त्व दुधातून, कधी कॉर्नफ्लेक्स. डब्यात ज्वारीचं थालीपीठ नाहीतर इडली. दुपारी ज्वारीची भाकरी, भाजी, आमटी, भात. संध्याकाळी घरचा पोह्यांचा चिवडा किंवा राजगिऱ्याचा लाडू. रात्री भात-आमटी, आणि पोट दुखत असलं की मऊ भात, तूप, मेतकूट. यात गहू कुठेय सांगा मला.

शंतनू_ठाणे
ज्वारी कुठं दळता?

अनघा_प
शंतनू, मी हेच लिहायला आले होते.

ताई, मला स्वतःला अकरा वर्षं झाली सिलिअ‍ॅक होऊन, नाशिकला असते. आधी एक सांगते, तुमची लेक काही चोरून खात नसणार, तो संशय मनात असेल तर काढून टाका. माझा पण टीटीजी पहिली दीड वर्षं असाच लटकलेला, आणि आई माझ्यावर चिडायची की तू बाहेर काहीतरी खातेस. मी काहीच खात नव्हते. कॉर्नफ्लेक्सचा डबा आत्ता हातात घ्या आणि घटकांची यादी वाचा. बहुतेक कॉर्नफ्लेक्समधे चवीला माल्ट एक्स्ट्रॅक्ट असतं आणि माल्ट म्हणजे जव, बार्ली. मका आहे म्हणून आपण बिनधास्त देतो. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचं पण तेच, माल्ट असतं. सोया सॉसमधे गहू असतो, घरी फ्राइड राइस करत असाल तर.

कृष्णाकाठची_आई
अनघाताई, बघितलं. "माल्ट एक्स्ट्रॅक्ट" आहे आणि खाली जाड अक्षरात "कंटेन्स बार्ली" पण आहे. मी इतके दिवस फक्त "व्हीट" शब्द शोधत होते. गहू नाही म्हणजे झालं असं वाटायचं. हे तिला आठवड्यातून दोनदा दिलंय मी.

ज्वारी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत. पण मी दर वेळी सांगते, गव्हावर दळू नका म्हणून, आणि ते काका ज्वारीवरच घालतात.

बापूसाहेब_भोर
एवढं घाबरायचं कारण नाही. हा सगळा आजकालच्या संकरित गव्हाचा दोष आहे. आमच्याकडे खपली गहू पिकतो, त्यात ग्लूटेन नसतंच म्हणा ना. पचायला हलका, साखरवाल्यांना चालतो. मुलीला खपलीची खीर द्या, पोळी द्या, बघा फरक. मी दोन किलो पाठवून देतो हवा तर.

अनघा_प
बापूसाहेब, मनापासून विनंती, हे करू नका. खपली हा गहूच आहे, जुन्या जातीचा असला तरी. त्यात ग्लूटेन आहे आणि चांगलं भरपूर आहे, फक्त त्याची प्रत वेगळी असल्याने पोळी तेवढी ताणत नाही. नुसतं पोट जड होणाऱ्या माणसाला खपलीने बरं वाटत असेल, ती गोष्ट वेगळी. सिलिअ‍ॅकवाल्याच्या आतड्याला खपली, बन्सी, लोकवन सगळं सारखंच. मला एका ओळखीच्यांनी "ग्लूटेन फ्री खपली शेवया" म्हणून प्रेमाने आणून दिल्या होत्या, तीन दिवस झोपून होते.

बापूसाहेब_भोर
असं आहे होय. आम्हाला तर विकणाऱ्यांनीच हे सांगितलेलं. मग राहू दे. पण मुलीला पचत नाही म्हणून पूर्णच बंद करण्यापेक्षा चिमूट-चिमूट देऊन सवय लावली तर? आमच्या नातवाला शेंगदाण्याचं तसंच केलं डॉक्टरांनी.

मृणाल_आहार
मी आहारतज्ज्ञ आहे, लहान मुलांच्या पोटविकाराच्या ओपीडीत बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहिते.

बापूसाहेब, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वेगळी. तिथं डॉक्टरांच्या देखरेखीखाली तसं करतात. इथं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं आणि दर चिमटीला ते पुन्हा पेटतं. सवय लागत नाही, त्रास दिसेनासा होतो इतकंच, आतलं नुकसान चालूच राहतं.

किती चालतं हा प्रश्न मात्र रास्त आहे. इटलीत यावर एक अभ्यास झाला होता, २००७ साली छापून आला. पथ्य नीट पाळणाऱ्या लोकांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तर आतड्यावर परिणाम दिसला. म्हणून साधारणपणे दिवसाला १० च्या आत राहावं असं धरतात. आपल्याकडे पाकिटावर "ग्लूटेन फ्री" लिहायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, तो नियम याच हिशोबाने केलेला आहे.

आता गिरणी. कृष्णाकाठच्या ताई, समजा गव्हानंतर तुमची एक किलो ज्वारी दळली आणि जात्यात अडकलेलं फक्त दोन मोठे चमचे, म्हणजे वीसेक ग्रॅम, गव्हाचं पीठ त्यात आलं. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लूटेन. म्हणजे त्या किलोत २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम. "ग्लूटेन फ्री" च्या मर्यादेच्या शंभरपट. एका भाकरीला साठ ग्रॅम पीठ धरा, एका भाकरीत १२० मिलिग्रॅम झाले. आणि ती पोरगी बिचारी केकला बोट लावत नाही.

कृष्णाकाठची_आई
मृणालताई, हे वाचून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. रोज दोन भाकरी खाते ती.

पण काका तर ज्वारीवर ज्वारीच दळतात?

गिरणीवाला_गडहिंग्लज
ताई, मी स्वतः गिरणी चालवतो, वडिलांच्या वेळेपासून. त्या काकांची चूक नाही, ते खरंच सांगत असतील. पण "ज्वारीवर दळलं" याचा अर्थ तुमच्या आधी जे गिऱ्हाईक होतं त्याची ज्वारी होती इतकाच. त्याच्या आधी गहू होता आणि त्याचं पीठ त्या ज्वारीत गेलं, मग उरलेलं थोडं तुमच्यात. एका दळणात जातं स्वच्छ होत नाही. आमच्याकडे गहू संपल्यावर दगडाच्या भोवतीच्या डब्यात आणि पीठ पडतं त्या तोंडात मिळून पाव किलोपर्यंत पीठ राहतं, ते खाली पडायला पुढची दोन-तीन दळणं लागतात. पीठ पडतं त्या तोंडाला जे कापड बांधलेलं असतं ते तर मी महिन्यातून एकदा झटकतो, खोटं कशाला बोलू. आणि हवेत उडणारं पीठ वेगळंच.

दगड फक्त टाकी लावायच्या, म्हणजे त्याला पुन्हा खाचा पाडायच्या दिवशी उघडतो. टाकी लावली की पहिलं दळण खडीचं येतं म्हणून जनावरांचं भरड घालतो. त्यानंतर लगेच तुमची ज्वारी घातली तर बरंच कमी होईल, पण शून्य होईल असं मी छातीठोक सांगणार नाही.

फिट_अ‍ॅट_चाळीस
छान धागा. मी पण ग्लूटेन सोडून दोन महिने झाले, चार किलो कमी झाले. भाकरीने वजन जास्त उतरतं की भाताने? रात्री भात चालेल का?

अनघा_प
तुमचं वजन उतरलं याचा आनंद आहे, पण हा धागा वेगळ्या आजाराचा आहे. एक मात्र सांगते, पुढेमागे तुम्हाला सिलिअ‍ॅकची शंका आली तर टीटीजी गहू खात असतानाच करावी लागते. महिनोन्‌महिने गहू सोडून केली तर ती खोटीच नॉर्मल येऊ शकते. आणि वजनाचा वेगळा धागा काढा, तिथं बरेच जण सांगतील.

सुलभाकाकू
मुली, मला आकडे फार कळत नाहीत, पण तू शेवटी लिहिलंस ना पोट दुखलं की मऊ भात-मेतकूट, तिथं माझं काळीज हललं. मेतकूट घरचं का? त्यात काय काय घालता तेवढं सांग. कारण मी गेली पन्नास वर्षं करतेय आणि माझ्या मेतकुटात मूठभर गहू असतातच. भाजून घातले की खमंगपणा येतो.

कृष्णाकाठची_आई
काकू...

सासूबाईंना आत्ता विचारलं. एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ, पाव वाटी गहू, मग हळद, सुंठ, धने-जिरे, हिंग. त्या म्हणाल्या, "अगं ते मेतकूट आहे, त्यात कुठं पोळी असते." त्यांचीही चूक नाही, मीच कधी विचारलं नाही. मेतकूट डाळीचं असतं एवढंच माझ्या डोक्यात.

म्हणजे पोट दुखायला लागलं की मी तिला गहूच देत होते. आणि मग दुसऱ्या दिवशी पण दुखायचं म्हणून परत तेच.

मृणाल_आहार
ताई, स्वतःला दोष देऊ नका, मेतकुटात गहू असतो हे मला सुद्धा ओपीडीत एका आजीबाईंकडूनच कळलं. तुमच्या मापाने दोन वाट्यांत पाव वाटी, म्हणजे आठवा हिस्सा गहू. भातावर एक चमचा, तीन-चार ग्रॅम मेतकूट घातलं तरी ४० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन गेलं. एका चमच्यात.

हे कळणं चांगलंच आहे, कारण ते उद्यापासून थांबवता येतं. गहू वगळून तांदूळ वाढवा, चव थोडी बदलेल. पण परत त्याच गिरणीत दळलं तर काही उपयोग नाही.

थालीपिठाची भाजणी आणि सातूचं पीठ पण बघा. आपल्याकडे सातूच्या पिठात गहू नाहीतर जव असतो. उत्तरेकडचं सत्तू नुसत्या हरभऱ्याचं असतं, त्यामुळे इंटरनेटवर वाचून लोक फसतात. आणि नाचणी सत्त्व बाहेरचं असेल तर पाकीट वाचा, घरगुती व्यवसायात बऱ्याचदा गव्हाचं सत्त्व मिसळलेलं असतं.

विज्ञानप्रेमी
हिंगाबद्दल कोणीच कसं बोललं नाही? डबीतला हिंग म्हणजे बांधणी हिंग. मूळ हिंग हा झाडाचा चीक, तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो आणि इतका उग्र असतो की आपल्याकडे तो मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक घालून सौम्य करतात, हाथरस त्यासाठीच प्रसिद्ध आहे. बहुतेक डब्यांवर घटकांत गव्हाचं पीठ लिहिलेलं दिसेल. आणि आपण काय, प्रत्येक फोडणीत! घरी तपासायचा सोपा उपाय: हिंगाची पूड पाण्यात कालवून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, निळंजांभळं झालं तर गहू आहे.

मृणाल_आहार
हिंगाचा मुद्दा एकदम बरोबर. आयोडीनचा मात्र अर्धाच. आयोडीन स्टार्चला निळं करतं, आणि स्टार्च तांदळाच्या पिठातही असतो. म्हणजे तांदळावर बांधलेला हिंग, जो आपल्याला चालतो, तो पण निळाच होणार. निळं झालंच नाही तर पीठ नाही एवढंच म्हणता येईल. गहू की तांदूळ हे डबी वाचूनच.

विज्ञानप्रेमी
मान्य. हे लक्षात आलं नव्हतं.

मंदार_लेस्टर
लेस्टरहून लिहितोय, बायकोला सिलिअ‍ॅक आहे. इथं पाकिटावर गहू-जव ठळक अक्षरात छापायलाच लागतं, त्यामुळे सुपरमार्केटमधे सोपं जातं, पण भारतीय दुकानातल्या हिंगाची डबी पहिल्यांदा वाचली तेव्हा आम्हीही चाट पडलो होतो. आता तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, डबीवर ग्लूटेन फ्री लिहिलेला, तोच आणतो. गोडा मसाला आणि लोणच्याचा मसाला मात्र आई पुण्याहून पाठवायची त्यात हिंग असायचाच, शेवटी आईने आमच्यासाठी वेगळा करायला सुरुवात केली.

एक विचारायचं होतं, हिंगाने खरंच एवढा फरक पडतो का? चिमूटभर तर असतो.

मृणाल_आहार
मंदार, चांगला प्रश्न. चौघांच्या आमटीत चिमूटभर, समजा ०.३ ग्रॅम हिंग घातला. त्यात निम्मा मैदा धरू, डबीवर प्रमाण लिहिलेलं नसतं म्हणून हा माझा अंदाज. मैदा ०.१५ ग्रॅम, त्याचा दहावा हिस्सा ग्लूटेन, १५ मिलिग्रॅम. चौघांत वाटलं तर प्रत्येकी चारच्या आत. एका फोडणीचं एवढंच. पण आमटी, भाजी आणि चिवडा मिळून दिवसाला दहा-अकरा होतात. म्हणजे नुसता हिंग सीमारेषेवर बसवतो. गिरणीच्या भाकरीपुढे तो लहान आहे, पण भाकरी सुधारल्यावर तोच उरतो. म्हणून क्रम लावायचा तर आधी गिरणी आणि मेतकूट, मग माल्टवाली पाकिटं, मग हिंग.

अनघा_प
माझा अनुभव थोडा वेगळा. मी गिरणी आधीच सोडली होती आणि हिंग बदलल्यावर तोंडातले छाले थांबले. त्यामुळे हिंगाला मी लहान म्हणणार नाही. कदाचित मी हात सैल सोडून हिंग घालते म्हणूनही असेल.

खडा हिंग घेतला म्हणजे शुद्ध असं समजू नका कोणी. खडे पण बांधणीचे असतात. मी हिरा हिंग आणते, बिनपिठाचा. मुगाएवढा कण गरम पाण्याच्या वाटीत विरघळवून ठेवते आणि तेच पाणी चमचा-चमचा फोडणीत. त्याच्यापेक्षा जास्त घातला तर आमटी कडू होते, एकदा सगळं पातेलं वाया गेलंय.

सुलभाकाकू
आणि हिंग नकोच असेल तर तूरडाळीच्या आमटीला लसूण ठेचून घाल, चांगली होते. आम्ही चातुर्मासात लसूण खात नाही म्हणून हिंग लागतो, बाकी काही शास्त्र नाही.

कृष्णाकाठची_आई
सगळ्यांचे किती आभार मानू. ठरवलंय की घरघंटी घ्यायची. वीस हजाराच्या आसपास जातेय. यजमान म्हणाले, ओळखीत एक जुनी सात हजाराला मिळतेय, नीट चालते, दोन वर्षं वापरलेली. घेऊ का?

गिरणीवाला_गडहिंग्लज
ताई, मी गिरणीवाला असून सांगतो, घरघंटीच घ्या. पण जुनी नको. दोन वर्षं त्यात गहूच दळला असणार. जाळ्या धुवाल, डबा धुवाल, पण आतल्या कोपऱ्यात, पात्यांच्या मागे पीठ चिकटून बसतं, पाणी लावलं तर कणीक होऊन आणखी घट्ट बसतं. नवी घ्या आणि पहिल्या दिवसापासून तिच्यावर चिठ्ठी लावा की गहू घालायचा नाही. शेजारणीला सुद्धा नाही म्हणायचं. तिथंच माणसं मोडतात.

अनघा_प
आणि दळायच्या आधी निवडायला विसरू नका. बाजारातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे असतातच, एकाच खळ्यावर, एकाच पोत्यात. मी ताटात अर्धी वाटीच घेते, जास्त घेतली की नजर चुकते. ज्वारी गोल, गहू लांबट आणि मधे चीर, दिसतो लगेच. एका किलोत मला कधी चार दाणे मिळतात कधी वीस. निवडून झाल्यावर दोन पाण्यांनी धुऊन उन्हात वाळवते, वर चिकटलेली धूळ जाते. नाचणीला सोपं, बारीक चाळणीतून नाचणी खाली पडते, गहू वरच राहतो.

चाळणीवरून आठवलं, तिची पिठाची चाळणी वेगळी ठेवा. गव्हाची चाळणी कितीही घासा, जाळीत पीठ राहतं. आणि लाकडी पोळपाट-लाटणं पण. तवा स्टीलचा असेल तर घासून चालतो.

शंतनू_ठाणे
ओट्सचं काय? आमच्या डॉक्टरांनी मुलाला चालतील म्हटलंय.

मृणाल_आहार
साधे पाकिटातले ओट्स नकोत, त्यात गहू-जव मिसळलेला असतोच. "ग्लूटेन फ्री" लिहिलेले शुद्ध ओट्स बहुतेकांना चालतात, थोड्यांना तेही चालत नाहीत. मी टीटीजी नॉर्मल येईपर्यंत थांबायला सांगते.

अनघा_प
माझे डॉक्टर कधीच नको म्हणतात. मला चव पण आवडत नाही त्यामुळे वाद नाही.

शंतनू_ठाणे
आमचे म्हणतात सहा महिन्यांनी सुरू करा. म्हणजे तीन ठिकाणी तीन मतं.

सुलभाकाकू
उपासाचे पदार्थ मात्र सगळे चालतात ना? वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. देवाने सोय केलीये म्हणायची.

अनघा_प
काकू, वरई आणि साबुदाणा अख्खे असतात म्हणून माझा मोठा आधार आहेत. राजगिऱ्याचं, शिंगाड्याचं पीठ मात्र तयार पाकिटातलं मी घेत नाही. उपासाला चालतं म्हणजे गिरणी वेगळी होती असं नाही.

कृष्णाकाठची_आई (पाच महिन्यांनंतर)
धागा वर आणतेय. मधे बऱ्याच जणांनी विचारलं होतं.

मेतकूट आणि कॉर्नफ्लेक्स त्याच दिवशी बंद केले. नाचणी सत्त्वाच्या पाकिटावर बारीक अक्षरात गहू निघाला, ते पण गेलं. घरघंटी यायला तीन आठवडे लागले, तोवर भात, वरई आणि इडलीवर काढलं. हिंग तांदळाचा आणला. सासूबाईंनी स्वतःहून तिच्यासाठी बिनगव्हाचं मेतकूट केलं, घरघंटीतच दळलं, बरणीवर तिचं नाव लिहिलंय. पहिल्यांदा खाताना ती दोनदा विचारून घेत होती, आजी, यात गहू नाहीये ना.

परवा टीटीजी आली, १९. अजून दहाच्या आत नाही, पण ६१ वरून १९. हिमोग्लोबिन ९.८ होतं ते ११.१. पोटदुखी दीड महिन्यापासून नाही. नेमकं कशाने उतरलं ते मला सांगता येणार नाही कारण मी सगळं एकदमच बदललं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, शोधत बसू नका, आहे तसंच चालू ठेवा आणि सहा महिन्यांनी या.

आता नवीन अडचण. गणपती येतायत, चुलत सासूबाईंकडे मोदक असतात. उकडीचे म्हणजे तांदळाचेच ना?

सुलभाकाकू
तांदळाचे, पण विचार. पारी फुटू नये म्हणून हल्ली पुष्कळ बायका उकडीत चमचाभर मैदा घालतात आणि सांगत नाहीत, त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. आणि मोदकाची पिठी गिरणीतलीच असणार. तू असं कर, आंबेमोहोर तांदूळ धुऊन सावलीत वाळव, तुझ्या घरघंटीत बारीक दळ आणि पिठी घेऊनच जा. वाटीला वाटी पाणी, चमचाभर तूप, मीठ. उकड गरम असतानाच पाण्याच्या हाताने मळली की फुटत नाही, मैदा लागत नाही. तिचे मोदक पहिल्या घाण्यात वाफवायला सांग, वेगळ्या चाळणीत, केळीच्या पानावर.

नवीन_सभासद_बार्शी
आमच्या मुलाचं गेल्या आठवड्यातच निदान झालंय. सगळा धागा वाचला. आमच्याकडे घरघंटी आधीपासून आहे, तीन वर्षं गहू दळलाय. नवी लगेच परवडत नाही. तिची कापडी पिशवी आणि जाळ्या नव्या घेतल्या तर चालेल का?

गिरणीवाला_गडहिंग्लज
पिशवी आणि जाळ्या बदलल्याने निम्मं काम होईल, दळण्याच्या खोबणीतलं पीठ राहीलच. तोवर मुलाला भात, वरई आणि घरी मिक्सरमधे वाटता येईल ते द्या, भिजवून वाटलेल्या तांदूळ-ज्वारीची धिरडी छान होतात. मिक्सरचं भांडं मात्र नवं.